जाळीआडच्या तेरा पकडी

तुम्ही खोटं टांगलंत. भर रस्त्यावर, बारा फूट बाय आठ फूट, लोखंडी चौकटीत ताणून. ते खोटं आहे हे तुमच्या टेबलासमोर बसून सांगितल्यावरही ते तसंच टांगून ठेवलंत. तुमचं नाव इथं घ्यायची गरज नाही. त्या फलकाच्या माथ्यावर ते इमारतीपेक्षा मोठं छापलेलं आहे.

झालं ते असं.

शिवाजी पेठेच्या कडेला जुन्या प्रसूतिगृहाची दगडी इमारत आहे. तळमजला आणि वर दोन मजले. वरच्या दोन्ही मजल्यांना रस्त्याच्या अंगाला नऊ-नऊ खिडक्या. निम्म्या पेठेनं पहिला टाहो तिथंच फोडलेला. चार वर्षं कुलूप होतं, यंदा दुरुस्ती निघाली. संक्रांत झाली आणि इमारतीला कळकांची, म्हणजे बांबूंची, परांची चढली. परांचीवर हिरवी जाळी आली आणि लोकांना इमारत दिसायची बंद झाली.

आता जाळीमागं काय चाललंय हे लोकांना कळायला नको का? फोटो काढला तर हिरवं कापडच दिसतं. म्हणून दुरुस्तीचं काम बघणाऱ्या सरकारी कचेरीनं टूम काढली, की दर महिन्याला कामाचं एक चित्र काढून घ्यायचं आणि फाटकाशेजारी मोठं करून लावायचं. जाळी अर्धी पारदर्शक दाखवायची, मागची भिंत, परांची, किती काम झालं, सगळं दिसेल असं. खाली एक ओळ पक्की: ‘प्रत्यक्ष पाहून काढलेले चित्र.’

हे काम मिळालं शांभवीला. गडहिंग्लजकडची बाई, वय छत्तीस. तिचे अप्पा, श्रीशैल, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ब्रश धरायला तिनं त्यांच्याकडून शिकून घेतलं, बाकीचं स्वतःचं स्वतः. तिला डौलदार काही जमत नव्हतं, पण जे दिसतं ते काढता येत होतं, आणि तेवढ्यात तिची बरोबरी करणारं गावात कुणी नव्हतं.

पहिल्या चित्राला तिनं नऊ दिवस घेतले. परांची म्हणजे काठ्यांचा पसारा, असं लोकांना वाटतं. ती प्रत्येक कळक मोजत बसली. उभ्या कळकांच्या दोन रांगा, एक भिंतीजवळ, एक चार फूट बाहेर. त्यांना धरून आडवे. आडव्यांवर टाकलेले आखूड तुकडे, त्यावर चालायच्या फळ्या. बाहेरच्या अंगाला तिरक्या कैच्या. एक कळक संपतो तिथं दुसरा त्याच्या अंगाला अंग लावून वर जातो आणि दोन-तीन ठिकाणी सुंभानं आवळलेला असतो, हेसुद्धा तिच्या चित्रात होतं. जाळीचं तर काय सांगावं. दोन पट्ट्या एकमेकींवर येतात तिथं हिरवा गडद, आडव्यांच्या मधे पोट सुटल्यासारखी ढिली, खालच्या कडेला चुन्याची पांढरी धूळ, आणि तिच्यातून दिसणारा कळक पिवळा न दिसता शेवाळलेला. हे सगळं तिनं पाहून काढलं.

परांची बांधणारा आकाराम, गगनबावड्याकडचा. पन्नाशी उलटलेला, हातावर सुंभाचे घट्टे. पहिल्या दिवशी तो तिच्या पाठीमागं बराच वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, “ताई, सगळं काढलासा, पण जीव कुठं हाय ते काढला न्हाईसा.”

मग त्यानं तिला आत नेऊन दाखवलं. परांची स्वतःच्या पायावर उभी दिसते, पण ती उभी असते इमारतीच्या आधारानं. खिडकीच्या आत एक आखूड कळक आडवा टाकायचा, खिडकीपेक्षा रुंद, म्हणजे तो बाहेर ओढला तरी भिंतीला अडकतो. परांचीवरून दुसरा कळक खिडकीतून आत घ्यायचा आणि त्या आडव्याला भिजवलेल्या सुंभानं आवळायचा. याला आकाराम पकड म्हणायचा. वरच्या मजल्याला नऊ, मधल्याला नऊ, अशा अठरा पकडी. त्याचं म्हणणं होतं, की जाळी नसती तर दोन-चार कमी चालल्या असत्या. जाळी लावली की परांचीला शीड लागलं समजायचं. वारा कळकांमधून निघून जातो, जाळीतून जात नाही.

शांभवीनं अठराच्या अठरा पकडी काढल्या. तेव्हापासून ती त्याला मामा म्हणू लागली.

मार्चचं चित्र झालं, एप्रिलचं झालं. आणि मे महिन्यात तिनं एकदाच चूक केली.

चित्र ती टॅबवर काढायची, थरांवर थर. भिंतीचा थर वेगळा, परांचीचा वेगळा, जाळीचा वेगळा. मे महिन्यात कचेरीतून निरोप आला, की मोठे पाहुणे पाहणीला येणार, चित्र दहा दिवस आधी द्या. ती साइटवर गेली तर पाहुण्यांसाठी जाळी नवीकोरी, दुहेरी लावलेली. आत नखभर दिसत नव्हतं. ठेकेदाराचा इंजिनिअर सम्राट, तीस वर्षांचा, बोलायला गोड. तो म्हणाला, परांची तीच आहे मॅडम, फक्त खिडक्या नव्या बसल्यात, फोटो पाठवतो. फोटो आले. तिनं भिंतीचा थर नवा केला, जाळी नवी केली, आणि परांचीचा थर एप्रिलचाच ठेवून दिला. खालची ओळ होतीच: प्रत्यक्ष पाहून काढलेले चित्र.

फलक लागला. बुधवारी कचेरीतून पुन्हा फोन. चित्र छान आहे, पण खिडक्या उठत नाहीत, काचा जरा चमकू देत. पाहुणे शनिवारी येणार होते.

काच चमकवायची तर ऊन कुठून पडतं ते बघायला हवं, म्हणून शांभवी गुरुवारी सकाळी इमारतीत शिरली आणि वरच्या मजल्यावर गेली. नवी ॲल्युमिनिअमची चौकट, सरकत्या काचा, काचेवर अजून कंपनीचा निळा कागद. ती खिडकीसमोर बसली, टॅब उघडला आणि चित्रातली हीच खिडकी मोठी करून बघितली.

चित्रात खिडकीतून एक कळक आत आला होता. समोर काच बंद होती.

ती उठली. पुढच्या खिडकीत गेली. काच बंद. त्याच्या पुढच्या. काच बंद. एका चौकटीच्या कोपऱ्यात सुंभाचा वीतभर तुकडा सिमेंटमध्ये अडकून राहिला होता, टोक सरळ कापलेलं. मजल्याच्या शेवटी, जिन्याजवळ, नऊ आखूड कळक नीट रचून ठेवले होते. कुणीतरी फार शिस्तीनं काम केलं होतं.

वरच्या मजल्याच्या नऊच्या नऊ पकडी गेल्या होत्या. खाली मधल्या मजल्यावर चार खिडक्या बसल्या होत्या, चार पकडी गेल्या होत्या. अठरातून तेरा. परांचीचा वरचा सगळा भाग, दुहेरी जाळी अंगावर घेऊन, नुसता उभा होता.

तिनं एक काच सरकवून हात बाहेर काढला. भिंतीपासून पहिल्या कळकापर्यंतचं अंतर तिला पाठ होतं. मार्चमध्ये मोजलं तेव्हा एक वीत होतं. आता वीत आणि वर चार बोटं. हात बाहेर असतानाच वाऱ्याची झुळूक आली, जाळी फुगली आणि तो कळक तिच्या बोटांपासून दूर गेला. मग परत आला.

डोक्यावर फळ्या वाजल्या. माणसं वर होती. छपराखालची नक्षी रंगवायला सहा रंगारी सकाळपासून चढले होते.

ती जिन्यानं धावत खाली आली. आकाराम फाटकाजवळ सुंभ भिजवत बसला होता. परांची बांधून झाल्यावर त्याची टोळी कोडोलीच्या एका कामावर गेली होती, ती सोमवारीच परत आलेली, नक्षीसाठी वर एक टप्पा वाढवायला. तिनं त्याला धाप टाकत सांगितलं, वरच्या पकडी नाहीत. त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यानं वर बघितलं, तिथं हिरव्या जाळीशिवाय काही नव्हतं. मग त्यानं फलकाकडं बघितलं.

“न्हाईत कशा?” तो म्हणाला. “सोमवारी मी आत जाणार हुतो, तर सम्राटसाहेब म्हणालं, बोर्ड बघा की, सगळं हाय. मी बोर्ड बघितला. अठरा मोजल्या. तुमी काढलेलं हाय म्हटल्यावर मी कशाला वर जातोय? तुमच्या बोर्डावर बघून मी माणसं सोडली, ताई.”

शांभवीला वाटलं, यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आकारामनं तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. रंगाऱ्यांना त्यानं एकेक करून, हलक्या पावलानं, मधल्या मजल्यावरच्या अजून न बसवलेल्या खिडकीतून आत घेतलं. सहावा आत आला तेव्हा त्यानं फळीवर थुंकल्यासारखं केलं आणि थुंकला नाही. परांचीवर तो थुंकत नसे.

सम्राट आला. त्यानं आधी नाकारलं, मग मान खाली घातली. खिडक्या परांची उतरल्यावर बसवायच्या असं ठरलं होतं. पण शनिवारी पाहुणे आतून फिरतील तेव्हा चकचकीत खिडक्या दिसल्या पाहिजेत, असा वरून निरोप आला. मागच्याच्या मागच्या रविवारी साइट बंद असताना काचवाले आले आणि जे आड आलं ते कापून गेले. दगडात भोक पाडून हूक लावावेत तर जुन्या दगडाला हात लावायची परवानगी नाही. सरकती काच वर उचलली की चौकटीतून निघते, तेरा काचा काढून पकडी पुन्हा घालता येतील, हे त्यालाही माहीत होतं. पण काढायच्या त्या रविवारी, पाहणी झाल्यावर. शनिवारी काम बंद, तोवर कामाच्या दीड दिवसाचाच प्रश्न आहे म्हणाला. आणि उद्या रंगारी वर गेलेच पाहिजेत, नक्षी अर्धी राहिलीय.

गवंड्यांना पाणी पोचवणारी शालूबाई घागर घेऊन जिन्यात उभी होती. ती म्हणाली, दीड दिवस गणपती बसतोय बाबा, माणूस न्हाय.

शांभवी रिक्षा करून कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी, म्हणजे तुम्हीच, तिला चाळीस मिनिटं बसवून ठेवलं, मग चहा पाजला. तिचं सगळं ऐकून घेतलं आणि तिचंच कौतुक केलं. तुमच्यासारखे चित्रकार हवेत म्हणाले. मग ती म्हणाली, फलक उतरवा, त्यावर खोटं आहे, आणि आज पकडी घाला. तेव्हा त्यांनी कपाट उघडून फाइल काढली. महिन्याचा अहवाल होता. पान सातवर तिचं चित्र, आणि त्याच्या खाली शिक्का: परांचीची तपासणी केली, सुस्थितीत आहे. सही, तारीख.

तपासणीला कोण आलं होतं, तिनं विचारलं. साहेब म्हणाले, चित्र प्रत्यक्ष पाहूनच काढलंय ना तुम्ही? तसं लिहिलंय की खाली.

तिला एका क्षणात सगळं दिसलं. मार्चपासून कुणीच वर गेलं नव्हतं. तिच्या चित्रातले सुंभाचे वेढे मोजता येतात, म्हणून तिचं चित्रच तपासणी झाली होती. उद्या काही झालं तर सातव्या पानावर अठरा पकडी उभ्या राहतील आणि कोर्टात सांगतील, सगळं ठीक होतं, कळकवाल्याचीच गाठ सुटली. आणि त्या अठरा पकडी काढणारा हात तिचा.

“साहेब, उद्या सकाळी माणसं वर चढणार,” ती म्हणाली.

“चित्र आहे ते बाई,” साहेब म्हणाले. “सोमवारी बघू.”

ती उठली. जाताना एवढंच म्हणाली, की चित्र माझं आहे, दुरुस्त मीच करतो. तिच्याकडच्या बायका असंच बोलतात, करतो, जातो. साहेबांना वाटलं, ती टॅबवर काचा चमकवायला निघाली. मान डोलावून त्यांनी पुढचा कागद ओढला.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला, कामावर माणसं यायच्या आत, शांभवी अप्पांची जुनी घडीची शिडी घेऊन फाटकाशी आली. एका डब्यात लाल ऑइलपेंट, एका डब्यात पांढरा, एका डबीत थोडा पिवळा, आणि अप्पांचे तीन ब्रश. फलक फ्लेक्सचा होता, नीट पुसून घेतला तर रंग धरतो. तिनं आधी फडक्यानं तो पुसला. मग वरच्या मजल्याच्या पहिल्या खिडकीपासून सुरुवात केली.

फराटे ओढले नाहीत. खिडकीतून आत जाणारा कळक तिनं पांढऱ्यानं झाकला, त्याच्या जागी बंद काच काढली, आणि त्याभोवती लाल गोल. गोलात आकडा, एक. दुसरी खिडकी, दोन. पाट्या रंगवणाऱ्या माणसाचं आयुष्यच शिडीवर जातं, वरून काही चुकीचं लिहिलं तर खालून सगळ्या गावाला दिसतं, असं अप्पा सांगायचे. ते तिला त्या दिवशी पटलं.

रस्त्यावर माणसं थांबायला लागली. तालमीतून परतणारी पोरं, दूधवाला, क्लासला निघालेल्या मुली. एकानं विचारलं, पेंटर, हे गोल कसले? तिनं वळून न बघता सांगितलं, हिथं परांचीला धरणारं काही न्हाय. एवढं पुरलं. खालून जाणाऱ्यांनी रस्त्याची पलीकडची कड धरली.

आठ वाजता रंगारी आले. त्यांनी लाल गोल मोजले. तेरा. त्यांतला म्होरक्या जोतीराम म्हणाला, आम्हाला काल वाटलंच, वर गेलं की पोटात झोपाळा बसल्यासारखं होतंय. त्यानं डबा खाली ठेवला आणि त्यावर बसला. बाकीचे पाचही बसले. सम्राट आला, ओरडला, मग त्यानं फलक बघितला. तो फलक आता चार-पाचशे माणसांनी बघितला होता, आणि तिथं उभं राहून माणसांना वर चढा म्हणणं त्याला जमेना.

दहाच्या सुमाराला पन्हाळ्याच्या अंगानं वारा उठला. पाऊस नाही, नुसता कोरडा, धुळीचा. दुहेरी जाळी पोटाला तडस लागल्यासारखी फुगली. वरचा टप्पा भिंतीपासून सुटला, हातभर बाहेर आला, आणि सगळ्या परांचीतून एक कर्रर्र असा आवाज गेला.

“जाळी सोडा,” आकाराम म्हणाला. तो ओरडला नाही.

परांचीवर पाय ठेवायचा नव्हता. त्याची टोळी आतून वरच्या मजल्यावर गेली. सम्राट त्यांच्या मागोमाग गेला, आणि त्यानं पहिली काच स्वतः उचलून काढली. चौकटीच्या वरच्या खाचेत ढकलायची, खालून सुटी करायची, बाजूला ठेवायची. आकारामनं कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक आतल्या दगडी खांबाला, आणि खिडकीतून अर्धा बाहेर वाकून लांब काठीला बांधलेल्या कोयत्यानं जाळीच्या गाठी तोडल्या. जाळीची एक बाजू सुटली, फडफडली, खाली घसरली. दुसरी सुटली. शीड उतरलं आणि परांची हळूहळू परत भिंतीकडं आली.

मग आतले आखूड कळक, जे कुणीतरी जिन्यापाशी शिस्तीत रचून ठेवले होते, ते परत खिडक्यांत गेले. भिजवलेला सुंभ, सहा वेढे, मधे पिळा, गाठ. एक खिडकी, दहा मिनिटं. साडेबाराला तेरावी पकड बसली. आकारामनं तीवर मूठ आपटून आवाज ऐकला आणि मान हलवली.

दहा मिनिटं खिडकीला. एवढ्यासाठी तुम्ही सहा माणसं वर टांगली होती.

पावणेएकला शांभवीचा फोन वाजला. साहेब होते. जाळी का उतरली, खिडक्यांना भोकं का दिसतायत, पाहुण्यांना काय दाखवायचं, हे त्यांनी एका दमात विचारलं. सरकारी मालमत्तेवर रंग फासल्याबद्दल गुन्हा दाखल होईल म्हणाले. पुढचं काम तर विसराच. तासाभरात फलक उतरवायला माणसं येतायत.

ती शिडीच्या वरच्या पायरीवर बसलेली होती. तिनं सांगितलं, गुन्हा घाला. चूक माझीपण आहे, मी न बघता काढलं, ते मी खाली लिहितो. तुमची तुम्ही लिहा. आणि फोन बंद केला.

तिनं आधी ती ओळ झाकली, प्रत्यक्ष पाहून काढलेले चित्र. त्या जागी लाल रंगात, अप्पांच्या वळणाच्या अक्षरात लिहिलं: ‘मे महिन्याचे चित्र मी न पाहता काढले. चूक माझी. शांभवी.’ मग तेरा गोलांच्या शेजारी तेरा बारीक पिवळे कळक काढले, आणि लिहिलं: ‘या पकडी आज दुपारी साडेबाराला पुन्हा घातल्या. आकाराम आणि टोळी.’ आकाराम खाली उभा राहून वाचत होता. तो म्हणाला, माझं नाव कशाला, ताई. पण ती पुसायला लागली तर त्यानं पुसू दिलं नाही.

खाली हातभर जागा उरली होती. ती तिनं कोरी पांढरी रंगवली. रंग सुकेपर्यंत थांबली. आकारामनं सुंभाचा तुकडा घेतला, तिच्याकडचं जाड काळं पेन त्याला आवळलं, आणि दुसरं टोक फलकाच्या चौकटीला अशा गाठीनं बांधलं की ती कापल्याशिवाय सुटू नये.

कचेरीची गाडी फाटकाशी आली तेव्हा तिच्यातून दोन माणसं उतरली आणि मागच्या सीटवर साहेब बसून होते. काच वर होती. दोघं फलकाजवळ आले, पेठेतली शे-दीडशे माणसं बाजूला झाली नाहीत, तसे ते थांबले. शांभवी शिडीवरून उतरली नव्हती. तिनं कोऱ्या जागेच्या वर शेवटची ओळ लिहिली, ब्रश पुसला, आणि गाडीच्या बंद काचेकडं बघून ती मोठ्यानं वाचली:

“रविवारी तेरा पकडी कुणाच्या हुकमानं कापल्या? पेन इथं बांधलंय. नाव लिहा.”